‘शीटमध्ये आहे. बघ.’ : थकवा की तुसडेपणा?

प्रश्न : मी आणि माझी सहकारी चार वर्षं एकाच टीममध्ये आहोत. मी महिन्याचे रिपोर्ट बनवते, ती ते तपासून पुढे पाठवते. आधी तिचे मेसेज ‘पाठवते गं, पाच मिनिटं दे’, ‘मस्त झालंय, फक्त तिसरा तक्ता एकदा बघ’ असे असायचे. गेले सहा आठवडे ‘हो.’, ‘उद्या.’, ‘शीटमध्ये आहे. बघ.’ एवढंच येतं. मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर एक शंका विचारली, तर सगळ्यांसमोर उत्तर आलं, ‘हे आधीच सांगितलं होतं.’ दोन महिन्यांपूर्वी टीममधला एक जण नोकरी सोडून गेला आणि त्याचं काम तिच्याकडे आलं, पण काम आम्हा सगळ्यांनाच आहे. आता मीही मोजकंच लिहिते. ती थकली आहे असं समजून सोडून द्यावं, की हा उद्धटपणा आहे म्हणून स्पष्ट बोलावं?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. एक जण गेला, त्याचं काम तिच्याकडे आलं, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिची भाषा आखडली. हा पुरावा नाही, पण शोध इथून सुरू करायला हवा. काम सगळ्यांनाच असतं हे खरं. पण स्वतःचं काम वाढणं आणि दुसऱ्याचं अर्धवट सोडलेलं काम अंगावर येणं यांत फरक असतो. दुसऱ्याच्या कामात काय कुठे ठेवलं आहे, कोणाला काय कबूल केलं आहे, कोणती फाइल शेवटची, हे सगळं आधी शोधावं लागतं. हा वेळ कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, त्यामुळे मॅनेजरलाही दिसत नाही.

तरी ‘ती थकली आहे’ असा निकाल मी इथून देणार नाही. आधी तुमच्या प्रश्नाची मांडणी बघू. तुम्ही दोनच शक्यता धरल्या आहेत, आणि त्यातली एक खरी असेल तर दुसरी खोटी, असंही गृहीत धरलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटचं वर्णन आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, तर कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. तिची लक्षणं तीन : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं लक्षण समोरच्याला हुबेहूब उद्धटपणासारखंच दिसतं. म्हणजे माणूस थकलेला असू शकतो, त्यामुळेच तुसडा वागत असू शकतो, आणि तुम्हाला बसलेला टोला तरीही खराच असतो. ‘थकली आहे म्हणून सोडून द्यावं’ आणि ‘उद्धट आहे म्हणून बोलावं’ यातलं एकच निवडायची गरज नाही.

दुसरं गृहीतक म्हणजे मेसेजमधून आपल्याला स्वर कळतो. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांबरोबर ईमेलवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहायची होती, आणि वाचणाऱ्याने कोणतं कोणतं ते ओळखायचं होतं. लिहिणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे ७८ टक्के वाक्यं बरोबर ओळखली जातील. ओळखली गेली सुमारे ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवून जेवढी जमतील त्याहून थोडीशीच जास्त. वाचणाऱ्यांनाही आपण बरोबर ओळखतोय याची चांगलीच खात्री होती. पूर्णविरामाचंही तसंच. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तेव्हा हा फरक पडला नाही. तेव्हा ‘हो.’मधला तो ठिपका तुम्हाला टोचत असेल, तर आधी तिचे जुने मेसेज उघडून ती पूर्वीही ठिपका देत होती का ते बघा. काही माणसं शाळेपासून देत आली आहेत आणि कधी थांबली नाहीत.

मग ओळखायचं कशावरून? एकेक मेसेज चघळून काही हाती लागणार नाही. आपण परत परत वाचतो तो सगळ्यात वाईट मेसेज, आणि मग बाकीचे सगळे त्याच्या रंगात दिसू लागतात. त्याऐवजी दोन काळ समोर ठेवा. तिने लिहिलेले तीन-चार महिन्यांपूर्वीचे सलग वीस मेसेज आणि गेल्या दोन आठवड्यांतले सलग वीस. निवडून नाही, सलग. अर्ध्या तासाचं काम आहे. हे वाचताना दोन गोष्टी वेगवेगळ्या टिपा : पूर्वी होतं आणि आता गळलं ते काय, आणि पूर्वी नव्हतं आणि आता नव्याने आलं ते काय.

माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते या फरकातून. थकव्यात गोष्टी गळतात. ‘गं’ जातं, ‘मस्त झालंय’ जातं, कारण सांगणारं वाक्य जातं, उलट प्रश्न विचारणं जातं. उरतो तो फक्त निरोप. मेसेजमधला जिव्हाळा म्हणजे लिहिणाऱ्याने वेळ काढून केलेलं जास्तीचं काम असतं, ते आपण फुकटात मिळणारं धरून चालतो. हातातलं काम दुप्पट झालं की काटछाट आधी तिथे होते. रागात किंवा अवहेलनेत मात्र काहीतरी भर पडते : ‘मी आधीच सांगितलं होतं’, ‘पुन्हा एकदा सांगते’, ‘नीट वाचलं असतंस तर’, टोमणा, विनाकारण सीसीमध्ये मॅनेजर, जे खासगीत सांगता आलं असतं ते मुद्दाम ग्रुपवर. यासाठी शब्द खर्च करावे लागतात. ज्याची शक्ती संपली आहे तो सहसा इतके शब्द खर्च करत नाही.

तुम्ही दिलेल्या चार मेसेजना हे लावून बघू. ‘हो.’ आणि ‘उद्या.’ ही निव्वळ गळती आहे, नवीन काही आलेलं नाही. ‘उद्या.’मध्ये तर तुम्हाला हवी ती माहितीही आहे. ‘शीटमध्ये आहे. बघ.’ हा सीमेवरचा मेसेज. पहिलं वाक्य उत्तर देतं, दुसरं आज्ञार्थी आहे. पण तुम्हा दोघींत ‘फक्त तिसरा तक्ता एकदा बघ’ हे आधीपासून चालत होतं. तिथेही ‘बघ’च होतं, फक्त पुढे-मागे उशा होत्या. म्हणून हाही मी गळतीत टाकेन. चौथा, ‘हे आधीच सांगितलं होतं.’, हा मात्र वेगळा आहे. त्यात भर आहे, तो दोष देतो आणि तो चारचौघांत आला. म्हणजे चारांपैकी तीन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. हे प्रमाण महत्त्वाचं आहे. वीसमध्ये असा एकच निघाला तर तो एका वाईट दुपारचा असू शकतो. सहा-सात निघाले तर त्याला सवय म्हणावं लागेल.

त्यानंतर हे कोणाशी होतंय ते बघा. तुम्हाला तिचे इतरांना गेलेले खासगी मेसेज दिसत नाहीत आणि ते विचारूही नका. ‘तुलाही ती तुटक बोलते का गं?’ असं चौघींना विचारलं की संध्याकाळपर्यंत ते तिच्या कानावर जातं, आणि मग तुमच्या खऱ्या काळजीवरही तिचा विश्वास बसत नाही. पण ग्रुपवरचं सगळ्यांना दिसतंच. तिथे ती सगळ्यांनाच दोन शब्दांत उत्तरं देते का? कोणी फोटो टाकला, वाढदिवस असला, तरी गप्प असते का? बर्नआउटचा कोरडेपणा सहसा माणूस बघून येत नाही. दुसऱ्या कोणाशी मात्र ‘हो रे, लगेच देते’ आणि तुम्हाला ‘उद्या.’ असं असेल, तर विषय बहुतेक थकव्याचा नाही, तुमच्या दोघींमधला आहे. एक सावधगिरी : वरिष्ठांशी ती गोड बोलत असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. थकलेला माणूसही उरलेली शक्ती जिथे चूक महागात पडेल तिथे वापरतो, आणि ज्यांच्याजवळ सांभाळून राहायची गरज वाटत नाही त्यांच्यासमोर कोरडा होतो. चार वर्षांपासूनची मैत्रीण या दुसऱ्या यादीत असणार.

मग बदल कसा आला ते. जुने मेसेज चाळताना एखादी तारीख सापडते का, जिच्या आधी सगळं नेहमीसारखं आणि दुसऱ्या दिवसापासून थंड? मनाला लागलेल्या गोष्टीला बहुतेक वेळा अशी तारीख असते. त्या आठवड्यात काय झालं ते आठवा : एखाद्या बैठकीत तिचा मुद्दा तुमच्या नावावर गेला, तिने सुधारलेला रिपोर्ट तुमचा म्हणून वाखाणला गेला, तुम्ही गमतीत काही बोललात. थकवा उताराने येतो. आधी स्मायली कमी होतात, मग वाक्यं आखूड होतात, मग उत्तरं रात्री साडेअकराला येऊ लागतात, मग सकाळी विचारलेल्याला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं. तुमच्या पत्रावरून हा बदल उतारावरचा वाटतो, पण तुम्ही तारीख दिलेली नाही, तेव्हा हे तुम्हालाच तपासावं लागेल.

आणि तिचं काम बघा. हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रुसलेल्या माणसाचं काम चोख असतं, उलट जास्तच चोख, कारण बोट ठेवायला जागा सोडायची नसते. बर्नआउटमध्ये कामालाही गळती लागते : जोडायची फाइल जोडलेली नसते, मागच्या महिन्याची आवृत्ती पुढे जाते, एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर येतं, जी चूक ती डोळे मिटून पकडायची ती सुटते. तुमचे रिपोर्ट तीच तपासते, त्यामुळे ही खूण टीममध्ये तुमच्याइतकी कोणालाच दिसणार नाही. गेल्या दोन महिन्यांत तपासून आलेल्या रिपोर्टमध्ये पूर्वी न सुटणारं काही सुटलं आहे का, ते शांतपणे बघा. हे तिला दाखवायला नाही, तुम्हाला कळायला.

साधा थकवा आणि बर्नआउट यातला फरक सुट्टीनंतर दिसतो. महिनाअखेरीची दमणूक दोन दिवस झोप मिळाली की बरीचशी उतरते आणि सोमवारी ‘गं’ परत येतं. बर्नआउटमध्ये सुट्टीनंतरचा पहिला दिवसही आधीच्या शुक्रवारसारखाच असतो, कारण ज्या गोष्टीने माणूस जळतो आहे ती टेबलावर तशीच वाट बघत असते. सहा आठवड्यांत अशी एखादी मोठी सुट्टी आली असेल तर आधीचे आणि नंतरचे मेसेज बघा.

एवढं करूनही तुमच्या हाती अंदाजच असेल. नैराश्य, घरातलं आजारपण, स्वतःची तब्येत, झोपेच्या तक्रारी, यांतही बाहेरून हेच दिसतं. आणखी साधी कारणंही असतात : ती आता बहुतेक उत्तरं प्रवासात फोनवरून देत असेल, किंवा मॅनेजरने तिला ‘मेसेज आटोपशीर ठेवा’ म्हणून सांगितलं असेल. पाच मिनिटांच्या फोनवर ती पूर्वीसारखीच हसतखेळत बोलली तर हीच शक्यता आधी धरा. तुम्हाला निदान करायचं नाही. पुढचं बोलणं कुठून सुरू करायचं, तेवढं ठरवण्यापुरता अंदाज पुरेसा आहे.

आता बोलायचं कसं. मेसेजवर बोलू नका. जे माध्यम बिघडलं आहे त्यातूनच दुरुस्ती करायला गेलात तर तुमचं वाक्यही तिला तुटकच वाटेल. समोरासमोर किंवा फोनवर, दहा मिनिटं, दोघीच. रिपोर्ट पुढे जायच्या दिवशी नको, आठवड्याच्या पहिल्या सकाळी नको. सगळ्यात चुकीची सुरुवात म्हणजे ‘तू माझ्यावर रागावलीस का?’ ती थकलेली असेल तर या प्रश्नाने तिला आणखी एक काम लागतं : तुमची समजूत काढण्याचं. ती ‘नाही गं, काही नाही’ म्हणते, तुम्ही सुटता, ती आणखी दमते. ‘तू किती बदललीस’ यावर बचाव करण्याशिवाय काही उरत नाही. आणि ‘तुला बर्नआउट झालंय’ हे तर बोलूच नका. तुम्ही ते बरोबर ओळखलं असलं तरी ते शिक्कामोर्तब वाटतं, आणि तिला भीती वाटेल की हा शब्द आता मॅनेजरपर्यंत जाणार.

त्याऐवजी दिसलेली एक ठोस गोष्ट आणि तिचं कारण ठरणारा भार, या दोनच गोष्टी बोला. म्हणजे साधारण असं :

‘गेल्या महिन्यापासून तुझे मेसेज रात्री उशिराचे दिसतायत. तो सोडून गेल्यापासून त्याचं सगळं तुझ्याकडेच आलंय ना? कसं चाललंय? आणि माझ्या रिपोर्टमुळे त्यात भर पडत असेल तर तेही सांग.’

यात तिच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही. रात्रीच्या मेसेजची वेळ खोडून काढता येत नाही, आणि शेवटच्या वाक्याने तुमच्याबद्दल तक्रार असेल तर तीही बाहेर यायला दार मिळतं. वेळेचं निरीक्षण तुमच्या बाबतीत खरं नसेल तर दुसरं खरं निरीक्षण घ्या, पण ते तिच्या सुरात शोधू नका, कामात शोधा.

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. ती भडाभडा बोलेल, तर ऐका आणि पहिल्या पाच मिनिटांत उपाय सुचवू नका. ‘मी ठीक आहे’ म्हणेल, तर ते तसंच स्वीकारा. ‘बरं. पण लागलं तर मी आहे’ एवढं म्हणून विषय बदला आणि पुढचे दोन आठवडे पुन्हा विचारू नका. रोज ‘बरी आहेस ना?’ विचारणं म्हणजे रोज हजेरी घेणं. किंवा ती म्हणेल, ‘तू विचारलंसच म्हणून सांगते, त्या बैठकीत तू जे बोललीस ते मला आवडलं नाही.’ मग तुमचा सगळा अंदाज चुकला आणि खरा विषय मिळाला. तिथे ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ने सुरुवात न करता आधी तिचं पूर्ण होऊ द्या.

बोलणं होवो न होवो, एक गोष्ट उद्यापासून करता येते : तिला जाणारे तुमचे मेसेज बदला. थकलेल्या माणसाला खरी मदत यात असते. तुम्ही सध्या मोजकं लिहिता ते तिच्या सोयीसाठी नाही, तिला तिच्याच मापाने परत करण्यासाठी. कामाच्या ठिकाणच्या असभ्य वागण्यावर लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन यांनी १९९९ साली एक गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडलं की हा प्रकार छोट्या, हेतू धड न कळणाऱ्या गोष्टींपासून सुरू होतो. एकाने आखडतं घेतलं की दुसरा आखडतं घेतो, आणि काही फेऱ्यांनंतर कोणी सुरुवात केली हे दोघांनाही सांगता येत नाही. तुमची एक फेरी होऊन गेली आहे.

समजा तुम्ही आत्ता असं लिहिता :

‘रिपोर्ट पाठवलाय. बघून घे. तिसऱ्या तक्त्यातले आकडे जुन्या पद्धतीने घेतलेत, ते चालतील का नवीन घ्यायचे, आणि कधीपर्यंत होईल?’

यात तीन कामं, दोन प्रश्न आणि एक घाई आहे. ‘उद्या.’ हे उत्तर आलं तर ते शेवटच्या प्रश्नाचं, आणि बाकीचे हवेत राहतात. मग तुम्ही पुन्हा विचारता, आणि तिथे ‘आधीच सांगितलं होतं’ जन्माला येतं. हाच मेसेज असा करता येईल :

‘रिपोर्ट पाठवलाय, गुरुवारी दुपारपर्यंत झाला तरी चालेल. एकच विचारायचंय : तिसऱ्या तक्त्यात जुने आकडे ठेवू? नाही म्हणालीस तर मी बदलते, तुला काही करायला नको. थँक्स गं.’

आता ‘हो.’ हे पूर्ण उत्तर झालं. ते तुटक वाटत नाही, कारण प्रश्नच एका शब्दाचा होता. जिथे उत्तराची गरज नाही तिथे ‘उत्तर नको, फक्त माहितीसाठी’ असं लिहा. तुमच्याकडचा जिव्हाळा कायम ठेवा, पण त्याला उत्तर यावं असा हट्ट धरू नका. आणि शंका ग्रुपवर टाकण्याआधी शीट उघडा. मागच्या आठवड्यात ती खरंच आधी सांगून झाली होती का, हेही एकदा शोधा. सांगितलेलं असेल तर तिच्या त्या वाक्यातला त्रागा तरी समजेल, जागा चुकलेली असली तरी.

मदत द्यायची असेल तर ‘काही लागलं तर सांग’ याचा उपयोग फारसा होत नाही, कारण काय लागतं ते शोधून, कोणाला द्यायचं ते ठरवून, समजावून सांगण्याचं काम पुन्हा तिच्यावरच येतं. ठरावीक वस्तू पुढे करा : ‘या महिन्याच्या दोन छोट्या रिपोर्टची पहिली तपासणी मी आणि बाजूचा मिळून करतो, तू फक्त शेवटचं बघ.’ पण हे गुपचूप करू नका. मैत्रिणीने निमूटपणे भार उचलला की आकडे बाहेरून ठीक दिसत राहतात, आणि रिकामी जागा भरायची घाई कोणालाच उरत नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लीटर बर्नआउटची मुळं ज्या सहा ठिकाणी शोधायला सांगतात, त्यात कामाच्या भाराबरोबर त्या कामावर आपला ताबा किती, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं येतात. यातली बहुतेक तिच्या हातात नाहीत, तुमच्याही नाहीत. म्हणून गेलेल्या सहकाऱ्याच्या कामाची वाटणी हा विषय टीमच्या बैठकीत टीमचा म्हणून काढा : त्याच्याकडे कोणती कामं होती, आता ती कोणाकडे आहेत, त्यातली कोणती थांबवता येतील. तिच्या तब्येतीचा, मूडचा, मेसेजचा उल्लेख तिथे नको. तिच्याबद्दल मॅनेजरशी परस्पर बोलायचं असेल तर तिला आधी विचारा.

आता तो चौथा मेसेज. थकवा समजून घेऊन तो गिळावा असं मला वाटत नाही. कारण कळलं म्हणजे मोकळीक दिली असं होत नाही, आणि गिळलेला मेसेज तुमच्या पुढच्या दहा मेसेजमध्ये झिरपतो. पण त्याला ग्रुपवर उत्तर नको. वरचं बोलणं झालं की त्यातच, किंवा दोन-चार दिवसांनी वेगळं, एवढंच म्हणा : ‘त्या दिवशी ग्रुपवर “आधीच सांगितलं होतं” म्हणालीस, ते सगळ्यांसमोर मला लागलं. माझं काही सुटलं असेल तर मला एकटीला सांग, मी लगेच बघते.’ एकच मेसेज, त्याचा परिणाम आणि पुढे काय हवं. ‘तू नेहमीच’, ‘हल्ली सारखीच’ हे शब्द आले की बोलणं एका मेसेजवरून सहा आठवड्यांवर जातं, आणि तिथून परत येत नाही. ती खरंच दमलेली असेल तर बहुतेक ‘अगं हो, चुकलं’ म्हणेल. तिला तो मेसेज आठवतही नसण्याची शक्यता आहे.

एवढं सांगूनही चारचौघांत टोचणं चालू राहिलं, माहिती मुद्दाम अडवली जाऊ लागली, सीसी वाढू लागले, तर मग कारण काहीही असो, प्रकार उद्धटपणाचाच आहे. एकदा आणखी सांगून बघा. तोपर्यंत तारीख, मेसेज आणि त्यामुळे कामात काय अडलं, एवढ्याच तीन गोष्टी लिहून ठेवा, तिच्या हेतूबद्दलचे तर्क नकोत. मग मॅनेजरकडे ‘ती माझ्याशी नीट बोलत नाही’ असं न म्हणता ‘या दोन रिपोर्टना आकडे वेळेवर मिळाले नाहीत, ते असे’ म्हणून जा.

एक अपवाद मात्र ठळक. तिच्या बोलण्यात किंवा मेसेजमध्ये ‘सगळं संपवून टाकावंसं वाटतं’, ‘मी नसले तरी कोणाला काय फरक पडणार’ असं काही आलं, गमतीतही, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मेसेजने उत्तर देऊ नका, लगेच फोन करा किंवा जाऊन भेटा, जीव द्यायचा विचार मनात येतो का हे सरळ विचारा. तसं विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात घातला जात नाही. तिला एकटी सोडू नका, घरच्या माणसाला आणि डॉक्टरला त्याच दिवशी बरोबर घ्या, आणि ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणाली तरी हे वचन देऊ नका.

बाकी, बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ‘गं’ परत येईल अशी वाट बघू नका. भार कमी झाला तर आधी रात्रीचे मेसेज थांबतील, मग तपासणीत चुका पुन्हा पकडल्या जाऊ लागतील, मग ती एखादा प्रश्न उलट विचारेल. ‘मस्त झालंय’ हे सगळ्यात शेवटी येतं, बऱ्याचदा कित्येक आठवड्यांनी. महिनाभराने पुन्हा सलग वीस मेसेज काढून बघाल तेव्हा आधी त्यांच्या वेळा बघा.